‘गृहिणी’ लिहिलेला रकाना : प्रबंधाचं पुस्तक होताना

(संशोधक विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले बरेच जण पीएच.डी. करत आहेत, काहींची झालीही आहे. माझी झालेली नाही. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो. तरी मला इथे बोलावलं, कारण माझ्या मोठ्या बहिणीच्या, आपाच्या, प्रबंधाचं पुस्तक होताना मी दोन वर्षं तिच्या शेजारी बसलो होतो. संशोधन तिचं, लिखाणही तिचंच. मी फक्त मोजणी आणि मांडणीत हात लावला. त्यामुळे जे सांगतो ते शेजारून पाहिलेलं आहे.

आपाचा विषय मालेगावचे यंत्रमाग कामगार. पदवी मिळाली, घरात मिठाई वाटली गेली आणि जाड काळ्या बांधणीचा प्रबंध कपाटात गेला. वर्षभराने तिने तो एका विद्यापीठीय प्रकाशनाकडे पाठवला. पाठवला म्हणजे काय, पत्र लिहिलं की माझा प्रबंध पुस्तक म्हणून छापावा, आणि सोबत अख्खी पीडीएफ जोडली. पंधरा दिवसांत चार ओळींचं उत्तर आलं. त्यातली एक ओळ आपाला लागली : हा प्रबंध आहे, पुस्तक नाही.

ती म्हणाली, “परीक्षकांनी तर कौतुक केलं होतं रे!”

आता विचार केला तर दोघंही बरोबर होते. परीक्षकाला पाहायचं असतं की उमेदवाराने वाचन केलंय का, पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष पुराव्यातून निघतात का. आणि त्याला ते वाचावंच लागतं. पुस्तकाच्या वाचकावर तशी सक्ती नसते. तो विचारतो, तुमचं म्हणणं काय? आपाच्या प्रबंधात ते म्हणणं सातव्या प्रकरणात, ‘निष्कर्ष व शिफारशी’मध्ये, अकरा मुद्द्यांपैकी आठवा मुद्दा म्हणून आलं होतं.

या विषयावर विल्यम जर्मानो यांचं ‘फ्रॉम डिसर्टेशन टू बुक’ हे चांगलं पुस्तक आहे, 2005 साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेलं. आपाने ते वाचलं. पण आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते एका साध्या तक्त्यापासून.

तक्ता असा. प्रबंधातला एकेक परिच्छेद घ्यायचा आणि एका ओळीत लिहायचं की तो काय सांगतो. काय ‘विषयी’ आहे ते नाही, काय ‘सांगतो’ ते. पुढच्या रकान्यात आधार : मुलाखत, सर्वेक्षण, कागदपत्र की दुसऱ्याचं पुस्तक. त्यापुढे एक खूण : ठेवायचा, हलवायचा, आटवायचा की काढायचा. सहाशेच्या वर ओळी झाल्या. रोज रात्री जेवणानंतर तीस-चाळीस परिच्छेद करायचो. पहिल्या दोन प्रकरणांत आपा अडखळायला लागली, कारण परिच्छेदामागून परिच्छेद ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं’ असेच होते. तिचं स्वतःचं वाक्यच सापडेना.

तक्ता पूर्ण झाल्यावर आम्ही तो विषयवार लावला, आणि एक गोष्ट वर आली. कांडी भरण्याचे उल्लेख चार वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले होते. ज्यांनी माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या यंत्रमागावर आडवं सूत धोट्यातून जातं आणि धोट्यात सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते, की दुसरी घालायची. म्हणजे माग चालू ठेवायचा तर भरलेल्या कांड्यांचा ढीग सतत तयार लागतो. आपाने ज्या तीन वस्त्यांमध्ये काम केलं, तिथे या कांड्या बऱ्याच प्रमाणात बायका घरी भरत होत्या, नगावर मिळणाऱ्या मजुरीवर.

आणि पाचव्या प्रकरणात, सामाजिक-आर्थिक स्थितीच्या तक्त्यात, याच बायकांसमोर व्यवसाय काय लिहिला होता? ‘गृहिणी’.

तो तक्ता आपाने स्वतः भरला होता. प्रश्नावलीत ‘कुटुंबप्रमुखाला विचारा’ असं होतं. नवरा म्हणाला, ती घरीच असते. हिने तसं लिहिलं. आतल्या खोलीत कांडीचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा ऐकू येतो. त्या रात्री आपा बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझं पुस्तक हेच आहे.”

यापुढे मांडणी बदलली. जुनी प्रकरणं तुमच्या ओळखीची आहेत : प्रस्तावना, पूर्वसाहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, इतिहास, सामाजिक-आर्थिक स्थिती, मुलाखतींचं विश्लेषण, निष्कर्ष. यात कुठलंही प्रकरण पुढच्याला हात देत नाही. नव्या पुस्तकात एक छोटी प्रस्तावना आणि पाच प्रकरणं झाली.

पहिलं प्रकरण सुताच्या मागे चालतं : व्यापाऱ्याकडून कारखान्यात, तिथून घरी, घरातून पुन्हा धोट्यात. दुसरं मागे जातं : हातमाग घरात होता तेव्हा विणणं आणि कांडी भरणं एकाच छपराखाली होतं, यंत्रमाग आला, विणणं कारखान्यात गेलं, कांडी मात्र अनेक ठिकाणी घरातच राहिली. तिसरं मजुरीचं : हिशेब कोणाच्या नावावर, पैसे कोणाच्या हातात. चौथं त्या ‘गृहिणी’ रकान्याचं. पाचवं मंदीचं : कारखाना बंद पडतो तेव्हा बेरोजगार म्हणून कोणाची नोंद होते आणि कोणाची होत नाही.

चौथ्या प्रकरणाकडे लक्ष द्या. प्रबंधातली ‘संशोधन पद्धती’ सहसा पुस्तकात दोन पानांचं परिशिष्ट होते. इथेही नमुना निवड वगैरे भाग परिशिष्टात गेला. पण प्रश्नावली कशी चुकली, हा भाग पुस्तकाच्या मधोमध आला, कारण चूक हाच पुरावा होता. म्हणून परिच्छेदाची खूण करताना तो आधी कुठल्या प्रकरणात होता हे विसरायचं.

आढाव्याचं प्रकरण पूर्ण मोडलं. ज्या लेखकांशी आपाचा खरोखर वाद किंवा संवाद आहे ते त्या त्या ठिकाणी आले, बाकीचे तळटिपांत गेले, अनेक गेलेच. एक उदाहरण देतो. जुना परिच्छेद साधारण असा होता : ‘मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला असून त्यांच्या मते या स्त्रियांना गृहिणी मानले जाते.’ नव्यात आधी आपाची कामकरीण आली, दिवसभरात किती वेळा उठली आणि किती कांड्या झाल्या हे आलं, आणि मग : ‘मीस यांनी 1982 साली नरसापूरबद्दल जे दाखवलं ते इथेही दिसतं; फरक एवढाच की इथे त्याच घरातला पुरुष त्याच धंद्यात कामगार म्हणून मोजला जातो.’ दुसऱ्या वाक्यात आपा बोलते. पहिल्यात फक्त मीस बोलत होत्या.

हे झाल्यावर प्रस्ताव लिहिला. आधी नाही, नंतर. प्रस्ताव म्हणजे बारा-पंधरा पानं : पुस्तकाचं म्हणणं एका पानात, प्रत्येक प्रकरणाचा दीड-दोनशे शब्दांचा गोषवारा, वाचक कोण, जवळची पुस्तकं कोणती, एकूण शब्द किती, चित्रं-नकाशे किती, हस्तलिखित कधी देणार, काही भाग आधी छापलाय का. सोबत दोन नमुना प्रकरणं. बहुतेक प्रकाशकांच्या संकेतस्थळावर स्वतःचा नमुना असतो; तोच भरायचा.

यात दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिलं, जवळची पुस्तकं. आपाने आधी लिहिलं होतं, ‘या विषयावर एकही पुस्तक नाही.’ संपादकाला यातून दोनच अर्थ निघतात : लेखिकेने शोधलं नाही, किंवा कोणाला हा विषय नकोय. मग तिने डग्लस हेन्स यांचं ‘स्मॉल टाउन कॅपिटॅलिझम इन वेस्टर्न इंडिया’ घेतलं, जे पश्चिम भारतातल्या कारागिरांचा 1870 ते 1960 हा काळ सांगतं, आणि लिहिलं की माझं पुस्तक त्यानंतरच्या काळात आणि घराच्या आत जातं. क्लेअर विल्किन्सन-वेबर यांचं लखनौच्या चिकन काम करणाऱ्या बायकांवरचं पुस्तक घेतलं, आणि लिहिलं की तिथे हातातलं कसब विकलं जातं, इथे यंत्राला खाद्य पुरवलं जातं. प्रत्येकी तीन-चार वाक्यं पुरली.

दुसरं, शोधगंगा. यूजीसीच्या नियमांनुसार आपले प्रबंध तिथे चढतात आणि कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. हे प्रकाशकापासून लपवायचं नाही, तो शोधतोच. आपाने सरळ लिहिलं : प्रबंध उपलब्ध आहे, सात प्रकरणांची पाच झाली, एक लाख तीस हजार शब्दांचे पंच्याऐंशी हजार झाले, दोन प्रकरणं नव्याने लिहिली, नवी मुलाखती-फेरी केली. तक्त्यामुळे हे हवेत नव्हतं, ओळी मोजून सांगता आलं.

दुसऱ्या प्रकाशकाने प्रस्ताव दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवला. एकाने विचारलं, कांड्या सगळीकडे घरीच भरतात का? अनेक कारखान्यांत मशीन आतच असतं. प्रश्न रास्त होता. अहवालाला लेखी उत्तर द्यावं लागतं, त्यावर करार अवलंबून असतो. आपाने वाद घातला नाही. तिने दावा तीन वस्त्यांपुरता आणला आणि आत मशीन असलेल्या कारखान्यांवर चार पानं वाढवली. करार झाला.

शेवटची गोष्ट, जी कुठल्याही नमुन्यात नव्हती. प्रबंधात सगळ्यांची नावं बदललेली होती. पण एका बाईबद्दल लिहिलं होतं की ती विधवा आहे, पाच मुली आहेत, बांगड्या विकून मशीन घेतलं, आणि दिराने तिची मजुरी दोन वर्षं अडवली. प्रबंध पाच-सात जणांनी वाचला असेल. पुस्तक मालेगावात पोहोचणार होतं, आणि गल्लीत कोणीही ओळखलं असतं. संमतिपत्रावर लिहिलं होतं ‘पीएच.डी. संशोधनासाठी’. पुस्तकासाठी ती संमती नव्हती.

आपा परत गेली. ज्यांची हकिकत सविस्तर येत होती अशा अकरा जणींना त्यांचा मजकूर उर्दूत वाचून दाखवला. नऊ जणींनी होकार दिला, दोघींनी नकार. त्या दोघींपैकी एकीच्या हकिकतीवर तिसरं प्रकरण सुरू होत होतं. ते पुन्हा लिहावं लागलं, दोन महिने गेले आणि ते पहिल्याइतकं धारदार झालं नाही. बांगड्यांवाली बाई म्हणाली, “दिराचं काढ, बांगड्यांचं राहू दे. ते माझं आहे.”

ते राहिलं आहे. पुस्तक सध्या छपाईच्या वाटेवर आहे. सूचीचं काम माझ्याकडे आलंय. तिच्यात ‘गृहिणी’ या शब्दापुढे लिहिलंय : ‘कामगार पाहा’.

प्रश्न असतील तर आपा मागच्या रांगेत बसली आहे, तिलाच विचारा.