भाऊ गेल्यानंतरची पहिली भाऊबीज
भाऊ गेल्यानंतरची पहिली भाऊबीज जड जाते, पण बहुधा त्या दिवसाआधीच. घरोघरी भाजणीचा वास सुटला की झोप उडते, चिडचिड होते. सावरलेलं मन पुन्हा ढासळलं असं नव्हे. ओळखीच्या खुणांनी दुःख जागं होतं. म्हणून बेत आधीच ठरवा: ओवाळायचं का, कुणासोबत, किती वेळ. चंद्राला ओवाळण्याची रीत आहेच. नको वाटलं तर तेही नको. वहिनीला मात्र विचारा, तिला कदाचित शांतता हवी असेल. जेवायला बोलावणाऱ्यांना ‘जमलं तर येईन, लवकर निघेन’ एवढं सांगून ठेवा. सणानंतरही झोप-जेवण सावरलं नाही, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर बोला. जगणं नकोसं वाटलं, तर लगेच. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.