आजोबांच्या सातबाऱ्यावरचा 'वर्ग २'
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आपल्या बिबवेवाडीतही एके काळी शेतंच होती. आज आपण फ्लॅटमध्ये राहतो, पण बऱ्याच जणांची गावाकडे आजोबांची जमीन आहे आणि सातबारा कपाटात पडून आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात हक्क लिहिलेले असतात, आणि नमुना बारा, ज्यात पिकं.

मागच्या वर्षी आपल्याच सोसायटीतले एक काका सातबारा घेऊन माझ्याकडे आले. 'भूधारणा पद्धती'समोर लिहिलं होतं : भोगवटादार वर्ग २. एका दलालाने त्यांना सांगितलं होतं, "जमीन सरकारची आहे, निम्म्या भावात देऊन मोकळे व्हा."

हे खरं नव्हे. वर्ग १ ची जमीन मालक सहसा परवानगीशिवाय विकू शकतो. वर्ग २ म्हणजे जमीन तुमचीच, पण हस्तांतरणावर बंधन. ते कशामुळे आलं, हे 'इतर हक्क' या रकान्यात पाहायचं. काकांच्या उताऱ्यावर तिथे होतं : 'कु.का.क. ४३ चे बंधनास पात्र.' म्हणजे कुळकायदा, कलम ४३. त्यांचे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. किंमत ठरली, हप्ते भरले आणि '३२म'चं खरेदी प्रमाणपत्र मिळालं. त्यासोबतच विक्री, बक्षीस, गहाण, अगदी वाटणीवरही परवानगीची अट आली.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ही अट सुटते. आकार म्हणजे जमिनीचा जुना सरकारी सारा. बाजारभावाशी त्याचा संबंध नाही. काकांचा आकार होता २ रुपये ४० पैसे. चाळीस पट केले की झाले ९६ रुपये! एवढ्यासाठी ते निम्मी किंमत सोडायला निघाले होते.

पण घाई नको. वतनाची, सरकारने वाटलेली किंवा पुनर्वसनाची जमीनही वर्ग २ च असते. तिथे हा चाळीस पटीचा हिशेब लागू नाही. परवानगी आणि नजराण्याचे नियम वेगळे. म्हणून नोंदीशेजारचा फेरफार क्रमांक घेऊन तो जुना फेरफार काढा. जमीन आली कुठून, ते त्यातच कळतं.

काकांनी आधी वारस नोंद केली. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव होतं. वारस म्हणून नाव लावायला ही परवानगी लागत नाही. मग ३२म शोधलं. ते चुलत्यांच्या ट्रंकेत सापडलं! ते नसतं, तर आधी हप्ते पूर्ण भरले होते का, इथूनच सुरुवात करावी लागली असती. त्यानंतर तहसीलदारांकडे अर्ज, चलन आणि बंधन कमी झाल्याचा फेरफार. एक लक्षात ठेवा : अट सुटली तरी ती शेतजमीनच राहते, घेणारा शेतकरीच हवा.

तेव्हा दिवाळीला गावी जाल, तेव्हा त्या ट्रंका उघडा. आणि सातबारा वाचता आला नाही, तर सही करण्याआधी माझी बेल वाजवा.