बंद दुकानाचा फोन दोन भाषांत कसा बोलावा

छोट्या व्यवसायाच्या फोनवर वाजणारा ध्वनिमुद्रित संदेश बहुतेक वेळा दुकान बंद असतानाच ऐकला जातो. दुकान उघडे असेल तर माणूस फोन उचलतो. त्यामुळे स्वागताचा मजकूर लिहिताना, आत्ता बोलायला कोणी नाही हे कळल्यावर फोन करणाऱ्याला कोणती माहिती लागेल, हे आधी ठरवावे लागते. ही माहिती सहसा तीनच गोष्टींची असते. फोन योग्य ठिकाणी लागला आहे का, दुकान कधी उघडेल आणि तोपर्यंत काम पुढे सरकवण्याचा काही मार्ग आहे का. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ या वाक्याने यातले काहीच कळत नाही. उलट, कोणी फोन उचललेला नसल्यामुळे ते थोडे खोटेही वाटते.

पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरचे एक चष्म्याचे दुकान उदाहरण म्हणून घेता येईल. ते दोन माणसे चालवतात. दुपारी एक ते पाच दुकान बंद असते, सोमवारी पूर्ण सुट्टी असते. गिऱ्हाईक मुख्यतः मराठी आहे, पण आसपास नोकरी-शिक्षणासाठी आलेले आणि मराठी न समजणारे लोकही येतात. अशा दुकानाचा पहिला मसुदा बहुधा असा निघतो: ‘अमुक चष्मेघरमध्ये आपले सहर्ष स्वागत आहे. आमची कार्यालयीन वेळ स. १० ते दु. १ व सायं. ५ ते रा. ८.३० अशी असून सोमवार रोजी आस्थापना बंद राहील.’ त्याखाली याचेच शब्दशः इंग्रजी भाषांतर असते. कागदावर यात काही खटकत नाही. वाचणाऱ्याला मात्र ‘दु.’ आणि ‘रा.’ ही अक्षरे बोलताना सोडवावी लागतात, ‘आस्थापना’ हा शब्द दुकानाच्या पाटीविषयीच्या सरकारी सूचनेतून आलेला असतो, आणि मराठी न जाणणाऱ्याला हा प्रकार किती वेळ चालणार याचा अंदाज येत नाही. तो पंधरा सेकंद वाट पाहून फोन ठेवतो.

दोन भाषांच्या संदेशातली पहिली अडचण हीच आहे. दुसरी भाषा येणार आहे हे पहिल्या चार-पाच सेकंदांत कळले पाहिजे, आणि तेही त्या दुसऱ्या भाषेत. ‘इंग्रजी संदेश नंतर ऐका’ हे मराठीत सांगून उपयोग नाही. म्हणून दुकानाचे नाव झाल्याबरोबर ‘इंग्लिश आफ्टर मराठी’ एवढे तीन शब्द पुरतात. ‘इंग्लिश इन ट्वेंटी सेकंड्स’ असे नेमके सांगण्याचा मोह टाळावा, कारण मराठी मजकुरात उद्या एक वाक्य वाढले की तो आकडा चुकतो.

दुसरी अडचण फोनच्या तारेची आहे. पारंपरिक टेलिफोन जाळे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते. मोबाइलवरच्या नव्या प्रकारच्या कॉलमध्ये ही मर्यादा ७००० हर्ट्झपर्यंत जाते, पण कॉल जुन्या लाइनवर किंवा दुसऱ्या जाळ्यात गेला की बहुधा पुन्हा अरुंद पट्टाच मिळतो. ‘स’ या ध्वनीची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे फोनवर तो अर्धामुर्धाच पोचतो. ‘सात’मधला ‘स’ फिका झाला, की उरतो तो ‘आत’, आणि तो ‘आठ’च्या फार जवळ जातो. त्यामुळे ‘साडेआठ’ आणि ‘साडेसात’ यांत गल्लत होऊ शकते, विशेषतः भरभर बोलताना ‘साडेआठ’चा ‘साड्याठ’ होतो तेव्हा. यावर उपाय आहे तो उच्चाराचा: वाचण्याच्या कागदावर ‘साडे – आठ’ असे तोडून लिहावे आणि ‘आ’ स्वच्छ सुरू होईल इतकी बारीकशी फट ठेवावी.

इंग्रजीत हीच माहिती वेगळ्या ठिकाणी अडते. ‘टेन टू वन’ हे कानाला दहा-दोन-एक असे आकडे वाटू शकतात, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ एक वाजायला दहा मिनिटे असाही होतो. कागदावर हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे दोन आकड्यांमध्ये फक्त एक छोटी आडवी रेघ असते. ‘फ्रॉम टेन अनटिल वन’ म्हटले की दोन्ही शक्यता संपतात. वारांचेही तसेच. संडे आणि मंडे यांची यमके जुळतात, पहिला ध्वनी निसटला तर दोन्ही सारखेच. मराठीत रविवार आणि सोमवार यांत असा धोका कमी. म्हणून ‘ओपन ऑन संडे, क्लोज्ड ऑन मंडे’ अशी जोडी सांगावी. एक वार नीट ऐकू आला नाही तरी दुसऱ्यावरून तो कळतो. रविवारी दुकान उघडे असते ही बातमी तशीही कामाची आहे, कारण बाजारातली काही दुकाने त्या दिवशी बंद असतात.

या सगळ्याचा अर्थ असा की इंग्रजी मजकूर मराठीचे भाषांतर नसावा. माहिती तीच, पण प्रत्येक भाषेत ती ऐकायला सोपी जाईल अशा क्रमाने आणि शब्दांनी. मराठी मजकूर बोलीच्या रूपातच लिहावा, ‘उघडे असते’ऐवजी ‘उघडं असतं’. वाचणाऱ्याला मनात रूप बदलावे लागले की सूर पाठ्यपुस्तकी होतो. इंग्रजी ओळी देवनागरीत लिहून घेतल्या, तर मराठी घरातला माणूस त्या न अडखळता म्हणू शकतो. इंग्रजी उच्चार परदेशी वळणाचा करण्याची गरज नाही. रस्त्याचे नाव तर दोन्ही भाषांत ‘लक्ष्मी रोड’ असेच मराठी उच्चारात म्हणावे, कारण रिक्षावाल्याला ते तसेच सांगावे लागणार आहे.

वरच्या दुकानासाठी तयार होणारा मजकूर असा:

‘नमस्कार. अमुक चष्मेघर, लक्ष्मी रोड. इंग्लिश आफ्टर मराठी.

आत्ता दुकान बंद आहे. सकाळी दहा ते एक, आणि संध्याकाळी पाच ते साडे – आठ, या वेळेत दुकान उघडं असतं. रविवारी उघडं, सोमवारी बंद. चष्मा तयार झाला का, हे विचारायचं असेल, तर बिलाचा फोटो याच नंबरवर व्हॉट्सॲप करा. दुकान उघडल्यावर उत्तर मिळेल.

अमुक चष्मेघर, लक्ष्मी रोड. वुई आर क्लोज्ड नाउ. वुई आर ओपन फ्रॉम टेन इन द मॉर्निंग अनटिल वन, अँड फ्रॉम फाइव्ह अनटिल एट थर्टी इन द ईव्हनिंग. ओपन ऑन संडे, क्लोज्ड ऑन मंडे. टू आस्क अबाउट युवर ग्लासेस, सेंड अ फोटो ऑफ युवर बिल टू धिस नंबर ऑन व्हॉट्सॲप. वुई विल रिप्लाय व्हेन वुई ओपन.’

सुरुवातीचा ‘नमस्कार’ सौजन्यापलीकडेही उपयोगी आहे. फोन जोडला जाताना पहिला अर्धा सेकंद कधी कधी कापला जातो. त्यात ‘नमस्कार’ गेला तर बिघडत नाही, दुकानाचे नाव गेले तर बिघडते. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला अर्ध्या सेकंदाची शांतता ठेवावी ती वेगळी. मजकुरात एकही फोन नंबर आणि ईमेल पत्ता नाही, तेही मुद्दाम. अक्षरे एकेक सांगितली की फोनवर बी, डी, पी, टी एकमेकांत मिसळतात, आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणी फोन करत नाही. ‘याच नंबरवर’ हे दोन शब्द ती सगळी कटकट वाचवतात. दुकानाचा फोन लँडलाइन असला तरी व्यवसायाचे व्हॉट्सॲप खाते त्या नंबरवर उघडता येते, पडताळणीचा कोड फोनवर ऐकून घ्यावा लागतो इतकेच.

संथ लयीत म्हटला तर हा संदेश एका मिनिटाच्या आत संपतो. त्याहून लांबला तर काहीतरी काढून टाकावे. मुद्रण करताना पंखा बंद ठेवावा, कारण त्याची घरघर नंतर सहज पुसता येत नाही. फोन किंवा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या हवेचा फटका त्यावर बसत नाही. मागे सनईचे किंवा इतर संगीत लावू नये. मोबाइलवर आवाज दाबून पाठवण्याची पद्धत माणसाच्या बोलण्याला धरून बनवलेली असते, संगीत तिच्यातून चिरकते आणि शब्दही सोबत ओढते.

मुद्रण फोनच्या अरुंद पट्ट्यात कसे ऐकू येईल हे आधी तपासता येते. संगणकावर सॉक्स हा मोफत प्रोग्रॅम असेल तर पुढची एक ओळ पुरते:

```
sox message.wav -r 8000 -c 1 -b 16 phone.wav sinc 300-3400
```

ही फाइल ऐकताना ‘साडेआठ’ कुठे तरी डगमगला तर तेवढे वाक्य पुन्हा बोलावे. खरी परीक्षा मात्र रस्त्यावर. ज्याने मजकूर वाचलेला नाही अशा माणसाला वाहनांच्या गोंगाटात तो नंबर फिरवायला सांगावे आणि नंतर दुकानाची वेळ व सुट्टीचा वार विचारावा. इंग्रजी भागासाठी मराठी न येणारा माणूस शोधावा. तो इंग्रजी सुरू होण्याआधीच फोन ठेवत असेल, तर सुरुवातीचे तीन शब्द नीट पोचलेले नाहीत. दुकानात आलेले गिऱ्हाईक ‘सोमवारी चालू असतं ना?’ असे विचारू लागले, तर वाराचे वाक्य सुधारावे लागेल.

‘मराठीसाठी एक दाबा, फॉर इंग्लिश, प्रेस टू’ अशी निवड दोन माणसांच्या दुकानाने शक्यतो ठेवू नये. स्मार्टफोनवर आकडा दाबायचा म्हणजे फोन कानापासून काढायचा, पडद्यावरचा कीपॅड उघडायचा आणि मग दाबायचे. तेवढ्या वेळात पुढची वाक्ये ऐकूच येत नाहीत. जिथे निवड टाळता येत नाही, म्हणजे दुरुस्ती आणि विक्री वेगळी माणसे पाहतात तिथे, काम आधी आणि आकडा शेवटी सांगावा. मराठीत वाक्याचा क्रम आपोआपच तसा येतो, इंग्रजीत ‘प्रेस वन फॉर रिपेअर्स’ टाळून ‘फॉर रिपेअर्स, प्रेस वन’ असे मुद्दाम म्हणावे लागते. शेवटच्या पर्यायानंतर पाच-सहा सेकंद थांबून सगळे एकदा पुन्हा वाजवावे, आणि काहीच न दाबणाऱ्याला थेट माणसाकडे किंवा बंद वेळेच्या संदेशाकडे पाठवावे.

सणासुदीच्या सुट्टीसाठी मूळ मुद्रणात फेरफार करू नये. वेगळा संदेश करावा आणि त्यात दोन्ही भाषांत दुकान पुन्हा उघडण्याची तारीख सांगावी, बंद असण्याच्या तारखा सांगण्याची गरज नाही. दिवाळीचा संदेश मार्गशीर्षापर्यंत वाजत राहणे ही छोट्या दुकानांत हमखास घडणारी गोष्ट आहे. म्हणून तो लावतानाच काढण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ज्या यंत्रणेत संदेशाला सुरुवातीची आणि शेवटची तारीख देता येते तिथे ती देऊन टाकावी, म्हणजे त्या दिवशी जुना संदेश आपोआप परत येतो.