निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण
(सोलापूर येथील शिक्षकमेळाव्यातील भाषण)



निवृत्तीच्या कागदपत्रांत एक विनंती-अर्ज असतो : मासिक निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून त्याबद्दल एकरकमी पैसे घ्यावयाचे की नाही. ह्यालाच अंशराशीकरण म्हणतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेल्या शिक्षकांना ते १९८४ च्या नियमांन्वये लागू होते.

समजा, मोहोळ तालुक्यातील एक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त झाले व त्यांचे मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रुपये ठरले. शेकडा ४० पर्यंत भाग विकता येतो. त्यांनी तेवढा, म्हणजे १२,००० रुपये विकला. आता कोष्टक पाहावयाचे. त्यात पुढील वाढदिवसाचे वय धरतात. ५९ साठी अंक ८.३७१ आहे. १२,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१ म्हणजे १२,०५,४२४ रुपये हाती येतात. दरमहा उरतात १८,००० रुपये.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. महागाईवाढ ह्या कमी झालेल्या १८,००० वर नव्हे, तर पूर्ण ३०,००० वरच मिळते. कुटुंब-निवृत्तिवेतनही अंशराशीकरणामुळे घटत नाही, आणि शिक्षकांचा मृत्यू लवकर झाल्यास उरलेली कपात वारसांकडून वसूल होत नाही.

मग हा व्यवहार किफायतीचा की नुकसानीचा ? कपात १५ वर्षे चालते. ह्या काळात १८० महिन्यांचे २१,६०,००० रुपये सोडावे लागतात. मिळालेली रक्कम साधारण १०० महिन्यांतच वळती होते. उरलेले ८० महिने म्हणजे तिचे व्याजच होय. ते कर्जाच्या हिशेबाने मोजले तर दर साडेआठ व पावणेनऊ टक्क्यांच्या दरम्यान येतो. म्हणून ज्यांच्यावर त्याहून महाग कर्ज आहे, त्यांनी ते ह्या रकमेतून फेडल्यास लाभ होईल. परंतु त्याहून कमी व्याजाच्या ठेवीत ती रक्कम ठेवणारे शिक्षक १५ वर्षे जगले तर तोटाच पत्करतील. शेकडा ४० ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. त्यापेक्षा कमी भागही विकता येतो.

निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यानंतर ती आवश्यक ठरते, म्हणून निर्णय लांबणीवर टाकू नये.

अखेरची गोष्ट अशी की, १५ वर्षांनंतर सोडलेला भाग परत सुरू होतो. ह्या पुनःस्थापनेस १९८६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार आहे. ज्यांचे पैसे उशिरा मिळाले, त्यांची कपातही उशिरा सुरू झालेली असू शकते. म्हणून निवृत्तीच्या दिनांकावर विसंबू नये. रक्कम कधी मिळाली व कपात कोणत्या महिन्यापासून लागली, हे दोन्ही दिनांक मंजुरी-आदेशाच्या प्रतीवर लिहून ती घरात अशा ठिकाणी ठेवावी की, ७३ व्या वर्षी स्वतः शिक्षकांस वा त्यांच्या मुलांस ती सहज सापडेल. त्या महिन्यात पूर्ण ३०,००० च्या मूळ आकड्याने, अथवा मध्यंतरी वेतनसुधारणा झाली असल्यास सुधारित आकड्याने, निवृत्तिवेतन आले नाही तर हीच प्रत जोडून लेखी मागणी करावी.