मका किती, खळं केवढं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत गटांच्या प्रतिनिधींसमोर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्या सगळ्या सदस्यांसाठी तो इथे देत आहोत.)



आज बचतीचा विषय नाही, कर्जाचाही नाही. आज आपण खळ्याचं गणित करणार आहोत. चोपडा, अमळनेर, पारोळा असो की इकडे शिरपूर, शिंदखेडा, साक्री असो, खरिपाचा मका निघाला की घराघरात एकच धांदल उडते. थ्रेशर येतं, तीन-चार तासांत सगळा मका दाणे होऊन पडतो, आणि मग प्रश्न येतो की हा वाळवायचा कुठे? अंगण पुरत नाही, ताडपत्री एकच असते. मग कोणी जाड थर लावतं, कोणी डांबरी रस्त्यावर पसरवतं. हा प्रश्न थ्रेशर यायच्या आठ दिवस आधी विचारला, तर त्याचं उत्तर पाटीवरच्या साध्या भागाकारात मिळतं.

आधी एक आकडा लक्षात ठेवा. एक क्विंटल मक्याच्या दाण्याला साधारण पाच घनफूट जागा लागते. म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पाच खोकी भरतील. हेच पाच घनफूट जमिनीवर एक इंच जाडीने पसरले तर साठ चौरस फूट जागा व्यापतात, कारण एका फुटात बारा इंच असतात आणि पाच बारे साठ. दोन इंच थर लावला तर तीस चौरस फूट, तीन इंच लावला तर वीस.

म्हणून नियम सोपा आहे. साठला थराच्या इंचांनी भागा, की एका क्विंटलला लागणारी जागा मिळाली. तिला आपल्या क्विंटलांनी गुणा, की सगळ्या मालाची जागा मिळाली.

आकड्यावर विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. दहा किलो मका मोजून घ्या. ताडपत्रीवर दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद चौकट आखा आणि त्यात तो सारखा पसरवा. थर जवळपास दोन इंच भरेल. थर मोजायला कडुनिंबाची एक काडी घ्या आणि पट्टीने मोजून दोन इंचांवर तिला खाच करा. पसरवलेल्या मक्यात ती चार-पाच ठिकाणी खुपसून बघायची. नुसत्या नजरेवर जाऊ नका. मध्ये तीन इंच आणि कडेला एक इंच असं फार वेळा होतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, जागा कमी आहे तर थर जाड लावू, त्यात काय बिघडलं? इथेच खरी गोम आहे. कापणीच्या वेळी दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो. आधारभूत किमतीच्या खरेदीला तो १४ टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि व्यापारीही मशीन लावूनच भाव बोलतो. २२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका १४ टक्क्यांवर आणायचा म्हणजे त्यातून नऊ किलोच्या वर पाणी उडवायचं. हे पाणी ऊन आणि वारा उडवतात. एक चौरस फूट जागेवर दिवसभरात जेवढं ऊन पडतं तेवढंच पडतं. थर जाड केला म्हणून ऊन वाढत नाही.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चांगल्या उन्हात दोन इंच थर साधारण तीन दिवस घेत असेल, तर तीन इंच थराला साडेचार दिवस लागतात आणि चार इंचाला सहा. हिशेब करून बघा. दोन इंचाला क्विंटलमागे तीस चौरस फूट तीन दिवस अडकतात, म्हणजे नव्वद. तीन इंचाला वीस चौरस फूट साडेचार दिवस, तेही नव्वदच. जाड थराने जागा वाचल्यासारखी वाटते, पण तेवढे दिवस वाढतात. शिवाय जाड थरात खालचा दाणा गरम आणि ओला राहतो, त्याला वारा लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला कुबट वास यायला लागतो, टोकाशी हिरवी-काळी बुरशी दिसते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते उन्हात वाळवून जात नाही, आणि असा मका कोंबड्यांना, दुभत्या जनावरांनाही घालता येत नाही. म्हणून दोन इंच ही वरची मर्यादा धरा. दर तासा-दीड तासाने दाताळ्याने किंवा पायाने सरी पाडून वरचा दाणा खाली, खालचा वर करा.

आता एका घराचा हिशेब करू. समजा दोन एकर मका आहे आणि थ्रेशरमधून ४० क्विंटल ओला दाणा निघाला. दोन इंच थराने ४० गुणिले ३०, म्हणजे १,२०० चौरस फूट. घरात तीस बाय वीसच्या दोन ताडपत्र्या आहेत. एकीचे ६०० चौरस फूट, दोघींचे १,२००. वाटतं, बरोबर बसलं! पण कडेपर्यंत मका पसरवला तर तो मातीत सांडतो आणि पाऊस आला की कडा उचलता येत नाहीत. चारही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट सोडायचा. मग एकीवर एकोणतीस बाय एकोणीस, म्हणजे ५५१ चौरस फूट उरतात. दोघींवर मिळून ३६ क्विंटल बसतो. उरलेल्या चार क्विंटलसाठी आणखी एक छोटी ताडपत्री हवी, किंवा तेवढी कणसं दोन-तीन दिवस न काढता ठेवायची. ते चार क्विंटल बाकीच्यांवर ओतले तर थर वाढतो, आणि वाळायला लागणारा वेळ सगळ्याच मालाचा वाढतो.

संध्याकाळचीही जागा लागते. या दिवसांत रात्री दव पडतं, म्हणून ऊन उतरायच्या आधी मका ओढून ढीग करायचा. ४० क्विंटल म्हणजे २०० घनफूट. दोन फूट उंच, आठ फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब असा लांबट ढीग केला तर तो तीस बाय वीसच्या एकाच ताडपत्रीखाली झाकला जातो. पण दिवसभर तापलेला मका लगेच घट्ट झाकू नका. थोडा निवू द्या, नाहीतर ताडपत्रीच्या आतून घाम सुटतो आणि तेच पाणी परत दाण्यात जातं.

आता गटाचं खळं घेऊ. काही गावांत गटांनी मिळून सिमेंटचं खळं करायचा विचार चालला आहे, आणि पहिला प्रश्न असतो की केवढं करायचं. समजा पाच घरं आहेत, प्रत्येकीचा ४० क्विंटल, एकूण २०० क्विंटल. सगळा एकदम पसरवायचा म्हटला तर ६,००० चौरस फूट हवेत. एवढी जागा कोण देणार? पण सगळा एकदम पसरवायची गरजच नाही. चाळीस बाय पन्नासचं, म्हणजे २,००० चौरस फुटांचं खळं धरा. फिरायला, दाताळं ओढायला, पोती भरायला पाचवा हिस्सा सोडा. उरले १,६००. त्यावर दोन इंच थराने ५० क्विंटल आरामात बसतो आणि तीन दिवसांत निघतो. म्हणजे २०० क्विंटलच्या चार पाळ्या, बारा दिवस. ढगाळ हवेचे दोन-तीन दिवस धरले तर पंधरा.

म्हणजे खळं केवढं हवं, हे नुसत्या एकूण पिकावर ठरत नाही. एका पाळीला किती माल येतो, तो किती दिवस पडून राहतो आणि थर किती, या तिन्हींवर ठरतं. आणि यातून एक अडचण उभी राहते. थ्रेशरवाल्याला सगळ्यांचा मका एकाच दिवशी काढून पुढच्या गावाला जायचं असतं. त्याचंही बरोबर आहे, डिझेल लागतं. पण त्याने २०० क्विंटल एकदम काढला तर ५० खळ्यावर आणि १५० ढिगात. ओल्या मक्याचा ढीग एक-दोन दिवसांत आतून तापायला लागतो. हात घालून बघा, कळतं. म्हणून बोलणी एकेकटीने करू नका, गटाने करा. तीन-तीन दिवसांच्या अंतराने चार तारखा, दर तारखेला ५० क्विंटलचं काम नक्की. ज्यांची पाळी नंतर आहे, त्यांनी कणसं शेतातच उन्हात पातळ पसरवून ठेवायची आणि पावसाचा रंग दिसला की झाकायची. कणसात हवा खेळते, त्यामुळे ती दाण्याच्या ढिगासारखी तापत नाहीत. वर थोडी वाळलेली कणसं थ्रेशरमध्ये कमी फुटतात. फुटका दाणा बुरशीला आधी बळी पडतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

मका वाळला हे कसं ओळखायचं? मोइश्चर मीटर असेल तर उत्तम. एक मीटर प्रभागसंघात असावा, यावर पुढच्या बैठकीत बोलू. नसेल तर काचेची कोरडी बाटली घ्या. तव्यावर गरम करून थंड केलेलं कोरडं मीठ दोन चमचे आणि वर पाव बाटली मका घाला. झाकण लावून एक-दोन मिनिटं हलवा, मग जरा थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, आणखी ऊन द्या. मीठ मोकळं खाली पडलं तर पोती भरायच्या जवळ आलो. दाणे थराच्या खालून आणि मधूनही घ्या. नुसते वरचे घेतले तर आपणच आपल्याला फसवतो. चौदाच्या आत आहे की नाही, याची खात्री मात्र मीटरवरच होते.

शेवटी एक सांगते. हा साठचा नियम मक्याचा आहे, पण ज्वारी, बाजरी, सोयाबीनच्या दाण्याला वापरला तरी जागा कमी पडणार नाही, कारण हे दाणे क्विंटलमागे पाच घनफुटांपेक्षा थोडे कमीच भरतात. मिरचीला, कणसांना, शेंगांना हा नियम लावू नका. त्यांच्यात पोकळी खूप असते. त्यांच्यासाठी दहा किलो मोजून, हवा तेवढा पातळ थर लावून, व्यापलेली जागा फूटपट्टीने मोजा. तिची दहा पट म्हणजे एका क्विंटलची जागा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणायच्या: किती घरांचा मका आहे, अंदाजे किती क्विंटल, ताडपत्र्या किती आणि त्यांची मापं काय, आणि थ्रेशर कधी हवं. तो कागद समोर ठेवूनच आपण थ्रेशरच्या तारखा ठरवू.