टीबीडब्ल्यू, डीडब्ल्यूपीडी आणि दादाचा नॅस

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की नॅसमध्ये कॅशसाठी एसएसडी टाकायची तर कुठली घेऊ? मी मॉडेल सांगून मोकळा होऊ शकतो. पण त्यापेक्षा एक किस्सा सांगतो. त्यातून निवड कशी करायची ते तुमचं तुम्हालाच कळेल.

माझा मावसभाऊ सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ऑफिसात चार हार्डडिस्कचा नॅस आहे. एडिटिंग अडखळतं म्हणून त्याने ५०० जीबीच्या दोन एनव्हीएमई एसएसडी आणल्या आणि रीड-राइट कॅश म्हणून लावल्या. एकदम खूश. आणि अकरा महिन्यांनी फोन, "अरे, नॅस वॉर्निंग दाखवतोय, ड्राइव्हचं आयुष्य संपत आलंय म्हणतोय. पाच वर्षांची वॉरंटी आहे ना रे?"

मी म्हटलं, "दादा, आधी बॉक्सवरचा टीबीडब्ल्यू वाच."

टीबीडब्ल्यू म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिले जाईपर्यंत कंपनी जबाबदारी घेते, तो आकडा. दादाच्या ड्राइव्हचा होता ३००. वॉरंटी असते पाच वर्षं किंवा ३०० टीबी, यातलं जे आधी संपेल ते. आपण "पाच वर्षं" वाचतो आणि पुढचं वाक्य सोडून देतो. गाडीच्या वॉरंटीत वर्षांसोबत किलोमीटर असतात ना, अगदी तसंच.

डीडब्ल्यूपीडी हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगतो. वॉरंटीच्या काळात रोज अख्खा ड्राइव्ह किती वेळा भरून लिहिता येईल? हिशोब सोपा आहे:

```
DWPD = TBW / (TB capacity × 365 × years)
300 / (0.5 × 365 × 5) = 0.33
```

म्हणजे दादाच्या ड्राइव्हला रोज साधारण १६५ जीबी लिहिणं झेपणार. लॅपटॉपसाठी हे भरपूर झालं. कॅशसाठी? ते मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही मोजलं. नॅसवर एसएसएचने लॉगिन केलं आणि ही कमांड चालवली:

```
sudo smartctl -A /dev/nvme0
Percentage Used:      93%
Data Units Written:   545,112,908 [279 TB]
```

यातलं एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट. कंसातलं उत्तर कमांडच काढून देते. २७९ टीबी! ३०० पैकी. दुसरा ड्राइव्ह बघितला, तोही ९३ टक्के. आणि खरी भीती इथे आहे. रीड-राइट कॅशमध्ये नवीन डेटा आधी एसएसडीवर येतो, हार्डडिस्कवर नंतर जातो. मधल्या वेळात तो फक्त एसएसडीवर असतो. म्हणून दोन ड्राइव्ह मिरर करतात, एक गेला तर दुसरा आहे. पण मिरर म्हणजे दोघांवर सारखंच लिहिलं जाणार. एकाच दिवशी घेतलेले, एकाच मॉडेलचे, सारखेच झिजलेले. एक दमला की दुसराही दमायला आलेला असतो. दोन्ही एकदम गेले तर कॅशमधला डेटा गेलाच, वर हार्डडिस्कवरचा व्हॉल्यूमही खराब होऊ शकतो. कुणाचं तरी लग्न आहे त्यात!

आता प्रश्न असा, की एवढं लिहिलं कुणी? दादा म्हणाला, "सीझनमध्ये रोज फार तर २०० जीबी फुटेज टाकतो." आठवड्याने तीच कमांड परत चालवली. आकडा १ कोटी १४ लाख युनिटने वाढला होता. म्हणजे ५.८ टीबी, रोजचे सुमारे ८३० जीबी. मग बाकीचे ६०० कुठून आले?

गंमत बघा, कॅशमध्ये वाचणं हेसुद्धा लिहिणं असतं. हार्डडिस्कवरून एखादी फाइल वाचली, की पुढच्या वेळी पटकन मिळावी म्हणून नॅस तिची प्रत एसएसडीवर लिहून ठेवतो. दादाकडे रोज रात्री अख्ख्या चालू प्रोजेक्टची कॉपी बाहेरच्या डिस्कवर व्हायची. त्या कॉपीसाठी वाचलेलं सगळं कॅशमधून जात होतं. सलग मोठ्या फाइल कॅशला वगळायची सेटिंग होती, पण "स्पीड वाढेल" म्हणून दादानेच ती बंद केली होती! सलग वाचायला हार्डडिस्क तशाही बऱ्या असतात. एसएसडीचा खरा फायदा छोट्या छोट्या, विखुरलेल्या वाचनाला होतो.

सेटिंग परत चालू केली. पुढच्या आठवड्यात वाढ फक्त १४ लाख युनिट. रोजचे सुमारे १०० जीबी, वर्षाला ३७ टीबी. म्हणजे तेच ३०० टीबीवाले ड्राइव्ह आठ वर्षं पुरले असते. अकरा महिन्यांत संपवले आपणच.

म्हणून निवडायची रीत अशी. आधी रोजचं लिहिणं मोजा, वर्षाचं काढा, त्याला वॉरंटीच्या वर्षांनी गुणा. आलेल्या आकड्याच्या निदान दुप्पट टीबीडब्ल्यू बघा. दुप्पट का? कारण कंपनीचा आकडा ठरावीक प्रकारच्या कामावर काढलेला असतो. कॅशवर छोटं, विखुरलेलं लिहिणं जास्त आलं, तर आतल्या चिपवर प्रत्यक्षात त्याहून जास्त लिहिलं जातं. म्हणून Percentage Used कडेही लक्ष ठेवा. तो कंपनीचा झिजेचा अंदाज असतो आणि कधी कधी टीबीडब्ल्यूच्या हिशोबापेक्षा पुढे पळतो. १०० झाला म्हणजे ड्राइव्ह त्याच क्षणी मरतो असं नाही, पण कॅशसाठी मी तिथपर्यंत थांबणार नाही.

आता ५०० जीबीचेच दोन ड्राइव्ह शेजारी ठेवू, दोघांची वॉरंटी पाच वर्षं. Crucial P3 चा टीबीडब्ल्यू ११०, म्हणजे डीडब्ल्यूपीडी ०.१२. नॅससाठीच बनवलेल्या WD Red SN700 चा १०००, म्हणजे १.१. जागा तेवढीच, पण लिहिण्याची ताकद नऊपट.

डीडब्ल्यूपीडी वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, वर्षं. १ टीबी ड्राइव्ह, डीडब्ल्यूपीडी १. तीन वर्षांची वॉरंटी असेल तर १०९५ टीबी, पाच वर्षांची असेल तर १८२५. दुसरं, आकार. SN700 चा १ टीबीवाला घेतला तरी डीडब्ल्यूपीडी १.१ च राहतो, पण टीबीडब्ल्यू होतो २०००. तुमचं रोजचं लिहिणं तर तेवढंच आहे, म्हणजे आयुष्य दुप्पट. म्हणून तुलना करताना सगळं टीबीडब्ल्यूमध्ये आणून मगच करा.

दादाचं पुढे काय झालं? ड्राइव्ह तसाच ओढून काढला नाही, हे महत्त्वाचं. आधी नॅसच्या सेटिंगमधून कॅश काढायला सांगितली, सगळा डेटा हार्डडिस्कवर उतरू दिला, मग बंद करून ड्राइव्ह बदलला. आता एकच एसएसडी आहे, फक्त रीड कॅश. ती मेली तर स्पीड जाईल, डेटा नाही. मूळ प्रत हार्डडिस्कवर असतेच.

दर महिन्याच्या एक तारखेला तो मला Data Units Written चा स्क्रीनशॉट पाठवतो. तुमच्याकडे कॅश चालू असेल तर आज एक आकडा लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात दुसरा. मग दुकानात जा.

चला, भेटू पुढच्या भागात!