उचलीचं व्याज आणि भागीदाराचं चालू खातं



दोघांच्या भागीदारीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालतं असं धरू. थोरल्या भागीदाराचं भांडवल तीन लाख, धाकट्याचं एक लाख. थोरला दुकानात फारसा बसत नाही. गल्ला आणि गिऱ्हाईक धाकटा सांभाळतो. म्हणून करारात लिहिलं आहे : भांडवलावर आठ टक्के व्याज, धाकट्याला दरमहा पाच हजार पगार, उचलीवर दरसाल बारा टक्के व्याज आणि नफा निम्मा-निम्मा.

थोरल्यानं १ जूनला वीस हजार, १ ऑक्टोबरला तीस हजार आणि १ जानेवारीला दहा हजार उचलले. वर्ष ३१ मार्चला संपतं. एकूण साठ हजारांवर वर्षभराचं व्याज लावलं तर ७,२०० होतं, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे. सरसकट सहा महिन्यांचं लावलं तर ३,६००, म्हणजे धाकट्याचं नुकसान. इथे गुणाकार पद्धत कामी येते. प्रत्येक रकमेला ती जितके महिने बाहेर होती त्या महिन्यांनी गुणायचं : वीस हजार गुणिले दहा, तीस हजार गुणिले सहा, दहा हजार गुणिले तीन. बेरीज चार लाख दहा हजार. वर्षाला बारा टक्के म्हणजे महिन्याला एक टक्का, म्हणून व्याज ४,१०० रुपये. उचल महिन्याच्या मध्येच झाली असेल तर महिन्यांऐवजी दिवस मोजावेत.

या हिशेबाआधीचा नफा दीड लाख आहे. त्यात हे ४,१०० मिळवायचे. मग दोघांच्या भांडवलावरचं व्याज ३२,००० आणि पगाराचे ६०,००० वजा करायचे. उरतात ६२,१००, प्रत्येकी ३१,०५०.

आता थोरल्याचं चालू खातं पाहा. जमेला व्याजाचे २४,००० आणि नफ्याचे ३१,०५०. नावे उचल ६०,००० आणि तिच्यावरचं व्याज ४,१००. खात्यावर ९,०५० रुपयांची नावे बाकी निघते, म्हणजे तेवढे पैसे तो दुकानाला देणं लागतो. भांडवल खात्यावर मात्र तीन लाख जसेच्या तसे आहेत. सगळं एकाच खात्यात घातलं असतं, तर भांडवल २,९०,९५० दिसलं असतं आणि ही जास्तीची उचल कुणाच्या नजरेत भरली नसती. खाती वेगळी ठेवावीत, असं मी आग्रहानं सांगतो ते यासाठीच.

एक चूक नेहमी होते. धाकट्यानं आपला ठरलेला पगार घेतला की तो उचल म्हणून लिहिला जातो आणि त्यावर व्याजही लागतं. पगार त्याच्या चालू खात्यात जमा करावा, दिलेली रक्कम तिथेच नावे टाकावी. तिच्यावर व्याज लावू नये.

हे सारं लागू होतं ते करारात असेल तरच. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करार मुका असेल, तर ना पगार मिळतो, ना भांडवलावर व्याज. आणि नफा सारखा वाटला जातो. तेव्हा दर आणि पगार आजच करारात लिहून घ्या, आणि प्रत्येक उचलीची तारीख त्याच दिवशी वहीत टाका.